मेंदू पाळी थांबवतो तेव्हा

लातूरला होस्टेलवर राहून बी.ए. दुसऱ्या वर्षाला शिकणारी, सोबत पोलीस भरतीची तयारी करणारी एक मुलगी डोळ्यासमोर आणा. अशा अनेक मुलींच्या तक्रारी एकत्र करून मी हे एकच उदाहरण तयार केलं आहे. उंची 158 सेंटिमीटर. चार महिन्यांत वजन 54 किलोवरून 44 वर आलंय आणि पाळी पाच महिने आलेली नाही. यंदा सोयाबीन पावसात गेलं, घरी फीची ओढाताण आहे, भरती तोंडावर आली आहे. पहाटे फक्त चहा पिऊन ती ग्राउंडवर जाते, कारण हलकं राहिलं की टायमिंग चांगलं येतं असं मैत्रिणी सांगतात. दुपारी मेसच्या डब्यातल्या दोन पोळ्या, भाजी, वरण. रात्री अर्धा डबा तसाच परत.

तिची आई आधी तिला एका डॉक्टरांकडे घेऊन गेली. सोनोग्राफीत अंडाशयात बऱ्याच बारीक पिशव्या दिसल्या, फाइलवर 'पीसीओडी' लिहिलं गेलं. गोळ्या मिळाल्या आणि जोडीला "वजन वाढू देऊ नका" हा सल्ला. गोळ्यांवर दोनदा रक्तस्राव झाला, आईला वाटलं लेकरू बरं झालं. गोळ्या थांबल्या तशी पाळीही थांबली. या मुलीला वजन आटोक्यात ठेवायला सांगणं म्हणजे दुखण्याचं कारणच औषध म्हणून देणं. ते का, हे समजायला मेंदूपासून सुरुवात करावी लागते.

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटा भाग आहे. तिथल्या मोजक्या पेशी जीएनआरएच हे संप्रेरक सोडतात, पण सतत नाही, ठरावीक अंतराने. पाळीनंतरच्या पहिल्या पंधरवड्यात साधारण दर तास-दीड तासाला एक ठोका पडतो. अंडं सुटल्यावर हे अंतर तीन-चार तासांपर्यंत वाढतं. प्रत्येक ठोक्याला खालची पिट्यूटरी ग्रंथी रक्तात एलएच आणि एफएसएच ही दोन संप्रेरकं सोडते. त्यांच्या सांगण्यावरून अंडाशयातलं अंडं वाढतं, इस्ट्रोजेन तयार होतं, गर्भाशयाचं अस्तर जाड होतं. अंडं सुटून गर्भ राहिला नाही तर हे अस्तर गळून पडतं, तीच पाळी.

इथे ठोक्यांची लयच खरी महत्त्वाची. 1978 साली अमेरिकेतल्या अर्न्स्ट नोबिल यांच्या गटाने, ज्या माकडिणींच्या मेंदूतला हा स्रोत बंद केला होता, त्यांना जीएनआरएच बाहेरून दिलं. तासाला एक ठोका दिला तर एलएच आणि एफएसएच पुन्हा तयार झाले. तेच संप्रेरक सलग सोडलं तेव्हा दोन्ही खाली गेले. संप्रेरक भरपूर असूनही लय नसेल तर पिट्यूटरी गप्प बसते. ठोके फार लांबले तरी तेच होतं: एलएच खाली राहतं, अंडं पिकत नाही, इस्ट्रोजेन पुरेसं तयार होत नाही. आपल्या मुलीचे ठोके असेच लांबले आहेत. अंडाशय धडधाकट आहे, पण त्याला वरून हुकूमच येत नाही.

मेंदूला हे कळतं कसं? शरीरातली चरबी लेप्टिन नावाचं संप्रेरक सोडते. चरबी घटली, जेवण तुटलं की लेप्टिन झपाट्याने उतरतं. जीएनआरएच सोडणाऱ्या पेशींना लेप्टिनचा निरोप थेट मिळत नाही. तो मधल्या पेशींमार्फत पोचतो, त्यात ठोक्याची लय चालवणाऱ्या किसपेप्टिन पेशी महत्त्वाच्या. त्यांच्यावर ताणाचाही दाब येतो. झोप मोडणं, परीक्षेची धास्ती, घरची काळजी यांनी वाढणारी ताणाची संप्रेरकं हीच लय मंदावतात. म्हणून थोडा ताण, थोडं कमी खाणं आणि थोडं जास्त पळणं, हे तिन्ही एकत्र आले की त्यांचा परिणाम एकेकट्यापेक्षा मोठा असतो.

आता हिशेब मांडू. तिच्या 44 किलोतलं चरबी सोडून वजन साधारण 36 किलो धरा. दिवसाचं खाणं सुमारे 1000 कॅलरी. पाच किलोमीटर पळण्यात 220 गेल्या, उरल्या 780. त्यांना 36 ने भागलं की दर किलोमागे 22 कॅलरी पडतात. हृदय, मेंदू, हाडं, पाळी, सगळं चालवायला निरोगी तरुणीला हा आकडा 45 च्या आसपास लागतो. प्रयोगांत तो 30 च्या खाली नेल्यावर पाच दिवसांतच एलएचचे ठोके विरळ झालेले दिसले. ही रेघ सगळ्यांना एकसारखी लागू होत नाही, कुणाची पाळी त्याहून वर असतानाही थांबते. पण 22 म्हणजे उघड तुटवडा आहे.

पाळी मेंदूच्या मंदावलेल्या लयीमुळे थांबली, हे निदान एका तपासणीने होत नाही, बाकीची कारणं वगळूनच करावं लागतं. सर्वांत आधी गर्भधारणा चाचणी, मुलीला एकटीला विश्वासात घेऊन. मग थायरॉइड, प्रोलॅक्टिन, एफएसएच, एलएच, इस्ट्रोजेन. एफएसएच खूप वाढलेलं असेल तर दोष अंडाशयातच असू शकतो. या मुलीसारख्या प्रकरणात एफएसएच साधारण ठीक, एलएच कमी, इस्ट्रोजेन कमी आणि गर्भाशयाचं अस्तर पातळ असतं.

त्या बारीक पिशव्यांचं काय? त्या अर्धवट वाढून थांबलेली अंडी असतात. ती पीसीओडीत दिसतात, तशी लय मंदावलेल्या, पण अंडाशय निरोगी असलेल्या मुलींतही दिसतात. पीसीओडीत सहसा चेहऱ्यावर राठ केस, मुरुमं असतात आणि इस्ट्रोजेन पुरेसं असल्याने अस्तर जाड होतं. म्हणून प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या पाच-दहा दिवस देऊन थांबवल्या की बहुधा रक्तस्राव होतो. इस्ट्रोजेन कमी असेल तर बहुधा होत नाही, कारण गळून पडायला अस्तरच नसतं. तिला आधी मिळालेल्या गोळ्यांत मात्र इस्ट्रोजेनही होतं. अस्तर गोळीने वाढवलं आणि गोळी थांबताच ते पडलं. मेंदूची लय होती तिथेच होती.

उपचारात पहिलं अन्नच. ग्राउंडवर जाण्याआधी काहीतरी पोटात, दुपारी-रात्री पूर्ण डबा, मध्ये शेंगदाणे-गूळ, दूध किंवा अंडं, आणि काही आठवडे पळणं कमी. वजन परत आणताना अनेकींची पाळी, ती ज्या वजनाला थांबली होती त्यापेक्षा साधारण दोन किलो वर गेल्यावर सुरू होते, आणि त्याला कित्येक महिने लागू शकतात. ताणावरचं कामही खरा उपचारच आहे. अमेरिकेतल्या एका छोट्या प्रयोगात विचार-वर्तन समुपदेशन घेतलेल्या आठ जणींपैकी सात जणींचं अंडाशय पुन्हा कामाला लागलं, नुसती देखरेख केलेल्या आठ जणींत फक्त दोघींचं.

वाट बघत बसण्यात धोका आहे तो हाडांचा. हाडांची घनता वाढण्याचं हेच वय, आणि इस्ट्रोजेन नसेल तर ती वाढत नाही, उलट घटते. म्हणून तीन महिने पाळी आली नाही की तपासून घ्यावं, सहा महिने झाले तर हाडांच्या घनतेची तपासणीही करावी. चक्कर येणं, नाडी पन्नासच्या खाली जाणं, जेवल्यावर मुद्दाम उलटी काढणं यातलं काही असेल तर तीन महिन्यांची वाटसुद्धा बघू नये. आणि लग्न झालेल्या मुलींना हे आवर्जून सांगावं लागतं: पाळी परत येण्याच्या दोनेक आठवडे आधी अंडं सुटतं. त्यामुळे पाळी नाही म्हणून गर्भ राहणार नाही, असं धरून चालू नये.