प्रतिमांची शेजारमांडणी

एकमेकींशी वरकरणी संबंध नसलेल्या दोन प्रतिमा कोणत्याही जोडशब्दाविना किंवा भाष्याविना शेजारी ठेवायच्या आणि त्यांच्यातले नाते वाचकाला लावू द्यायचे, अशी ही काव्यरचनेची एक पद्धत आहे. जपानी हायकूत ती पूर्वापार आहे. तेथे 'या' यासारखा छेददर्शक शब्द दोन भागांमध्ये खंड पाडतो. अमेरिकन कवी एझ्रा पाउंड यांनी पॅरिसच्या भुयारी रेल्वेस्थानकात दिसलेल्या चेहऱ्यांवर आधी तीस ओळी लिहिल्या, त्या टाकून दिल्या आणि अखेर दोनच ओळी ठेवल्या. 1913 साली छापलेल्या त्या कवितेत एका ओळीत गर्दीतले चेहरे आहेत आणि दुसरीत ओल्या फांदीवरच्या पाकळ्या. मराठीत हायकू रुजवण्याचे श्रेय शिरीष पै यांना दिले जाते.

संस्कृत काव्यशास्त्रातल्या दृष्टान्त अलंकाराशी या पद्धतीची गल्लत होते, कारण दृष्टान्तातही दोन वाक्ये 'जसा'सारख्या साम्यदर्शक शब्दाविना शेजारी येतात. मात्र तेथे एक वाक्य प्रस्तुत, म्हणजे मूळ सांगायचा विषय असते आणि दुसरे त्याला उजळण्यासाठी आणलेले अप्रस्तुत. त्यामुळे कवीला काय म्हणायचे आहे ते ठरलेले असते. शेजारमांडणीत दोन्ही प्रतिमा प्रस्तुत असतात आणि कोणतीही दुसरीची चाकरी करत नाही.

ही कृती प्रत्यक्षात कशी घडते ते पाहण्यासाठी सोलापुरातल्या दोन दृश्यांची पुढील जोडणी या नोंदीपुरती रचली आहे:

वीज गेली, धोटा ताण्याच्या मधोमध.

सिद्धेश्वर तळ्यात बगळा एका पायावर.

यंत्रमाग आणि तळे ही दोन ठिकाणे वेगळी आहेत, आणि ताण्यातून आडवा धागा नेणाऱ्या धोट्याचा बगळ्याशी काही संबंध नाही. तरीही दोन्हीकडे एक हालचाल मध्येच थांबलेली आहे, आणि हा एकच धागा वाचकाला आधाराला पुरतो. त्यापुढे जे येते ते वाचकाचे असते: धोटा नाइलाजाने थांबला आहे आणि बगळा भक्ष्यासाठी, म्हणजे एकाचे थांबणे हा खाडा आहे तर दुसऱ्याचे थांबणे हेच काम. सोलापूरच्या पूर्व भागात राहिलेल्याला आणखी एक गोष्ट ऐकू येईल. वीज जाताच मागांचा खडखडाट एकदम बंद होतो आणि गल्लीत शांतता पसरते. ती शांतता ओळींत कोठेही लिहिलेली नसली तरी तळ्याच्या काठावर आयतीच जाऊन बसते. धोटा म्हणजे काय हे ज्याला ठाऊक नाही त्याच्या हाती मात्र यातले थोडेच लागेल, आणि ही या पद्धतीची खरी मर्यादा आहे: वाचकाच्या अनुभवात नसलेली प्रतिमा समजावून सांगण्याची सोय तिच्यात नाही.

मराठीत ही रचना बिघडते ती बहुधा लहानशा अव्ययाने. 'जणू', 'तसा', 'सारखा' हे शब्द कवी जाणीवपूर्वक टाळतो, पण 'ही' नकळत शिरतो. 'बगळाही एका पायावर' असे लिहिले की तुलना कवीनेच करून टाकली आणि वाचकाला करण्यासारखे काही उरले नाही. 'च' आणि 'मात्र' यांचाही परिणाम असाच होतो. क्रियापदांचेही भान ठेवावे लागते. पहिल्या ओळीत 'थांबला' आणि दुसरीत 'उभा राहिला' असे आले तर घटनांचा क्रम तयार होतो, आणि वीज गेली म्हणून बगळा थांबला असा हास्यास्पद कार्यकारणभाव डोकावतो. वरच्या जोडणीत 'गेली' एवढे एकच क्रियापद आहे. बाकीचे दोन्ही तुकडे क्रियापदावाचून ठेवले आहेत ते यासाठीच. तिसरी ओळ जोडून 'दोघेही वाट पाहतात' असे सांगणे ही तर सर्वांत नेहमीची चूक होय.

दोन प्रतिमांमधले अंतर किती असावे याला मोजमाप नाही. धोट्याशेजारी बंद गिरणीचा भोंगा ठेवला तर दोन्ही एकाच जगातल्या असल्याने ते निव्वळ वस्तीचे वर्णन होते. पानटपरीवरची हिरवी बाटली ठेवली तर पकडायला काहीच सापडत नाही आणि वाचक ओळ सोडून पुढे जातो. जोडणी जमली की नाही हे पाहण्याचा एक उपाय म्हणजे दोन ओळींमध्ये 'जसा' घालून वाचणे. तेवढ्याने अर्थ पुरा होत असेल तर ती झाकलेली उपमाच आहे. वरच्या ओळींत 'जसा' घातला तर थांबण्याचे साम्य टिकते, पण खाडा आणि काम यांतला विरोध निसटतो. दुसरा उपाय ओळींचा क्रम उलटण्याचा. बगळा आधी आणि वीज नंतर आली की शिकारीची एकाग्रता मनात ठेवून आपण मागाकडे वळतो, आणि मग धोट्यापेक्षा मागापाशी हात आवरून उभा असलेला विणकर डोळ्यांपुढे येतो, जो दोन्ही ओळींत नाही.