रिग्रेशनमधील इंटरॅक्शन पद आणि मुख्य सहगुणकांचा अर्थ

इंटरॅक्शन पद म्हणजे रिग्रेशनच्या समीकरणात दोन चलांचा गुणाकार करून घातलेले पद. एका चलाचा परिणाम दुसऱ्या चलाच्या पातळीप्रमाणे कमी-जास्त होत असेल, तर तो फरक या पदामुळे मोजता येतो. ते समीकरणात आल्यावर मूळ दोन चलांच्या सहगुणकांचा अर्थ मात्र पूर्वीचा राहत नाही. आधी तो 'सर्वसाधारण परिणाम' सांगत असे. आता 'दुसरे चल शून्य असतानाचा परिणाम' सांगतो. रिग्रेशनचे तक्ते वाचताना होणाऱ्या बऱ्याच चुका या एका बदलाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे होतात.

सोलापूर जिल्ह्यातील कोरडवाहू रब्बी ज्वारी हे याचे चांगले उदाहरण आहे. ज्वारीची पेरणी साधारण सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत होते आणि त्यानंतर पीक बहुतांशी जमिनीत मुरलेल्या ओलीवर वाढते. ही ओल किती दिवस पुरेल, हे मुरूम किती खाली लागतो यावर ठरते. एकाच गावच्या शिवारात माळावरचे रान वीतभर खोलीचे आणि ओढ्याकाठचे कमरेपेक्षा खोल असू शकते. नत्राची गोष्टही ओलीशी बांधलेली आहे. हलक्या रानात नत्र जास्त दिले की सुरुवातीला पाने जोमाने वाढतात, ती ओल लवकर संपवतात आणि दाणा भरायच्या वेळी ताट वाळू लागते. भारी रानात तेच नत्र दाण्यात उतरते. महात्मा फुले कृषी विद्यापीठाने फुले अनुराधा हा वाण हलक्या, फुले सुचित्रा मध्यम आणि फुले वसुधा भारी जमिनीसाठी दिला, त्यामागेही हेच तत्त्व आहे: वाणाचा गुण जमिनीच्या खोलीपासून वेगळा काढून सांगता येत नाही.

समजा, निरनिराळ्या खोलीच्या जमिनींवर नत्राच्या निरनिराळ्या मात्रा देऊन प्रयोग केला. Y हे ज्वारीचे हेक्टरी उत्पादन क्विंटलमध्ये, N हे हेक्टरी नत्र किलोमध्ये आणि D ही जमिनीची खोली सेंटिमीटरमध्ये आहे. खोली ३० ते १२० सेंमीपर्यंत असून तिची सरासरी ७५ आहे. नत्र ० ते ६० किलोपर्यंत आहे. पुढचे आकडे हिशेब दाखवण्यासाठी तयार केलेले आहेत, ते कुठल्या प्रत्यक्ष प्रयोगाचे नव्हेत.

```
Y = 2 - 0.03*N + 0.07*D + 0.001*N*D
```

तक्त्यात N समोर उणे ०.०३ दिसते. घाईने वाचणारा लिहून मोकळा होतो की नत्राच्या प्रत्येक किलोमागे उत्पादन तीन किलोने घटते. समीकरण तसे म्हणत नाही. N असलेली पदे एकत्र केली तर नत्राच्या एका किलोचा परिणाम `-0.03 + 0.001*D` इतका येतो. म्हणजे तो एक आकडा नसून खोलीबरोबर चढत जाणारी रेषा आहे. ३० सेंमीवर परिणाम शून्य, ६० सेंमीवर किलोमागे ३ किलो ज्वारी, ९० वर ६ किलो आणि १२० वर ९ किलो. उणे ०.०३ हा या रेषेवरचा D शून्य असतानाचा बिंदू. शून्य सेंमी खोलीची जमीन म्हणजे उघडा मुरूम, त्यावर कोणी ज्वारी पेरत नाही. तक्त्यातला आकडा गणिताच्या दृष्टीने बरोबर आहे, पण तो अशा रानाबद्दल बोलतो जे शिवारात नाही.

D चा सहगुणक ०.०७ हाही याच रीतीने वाचायचा. नत्र अजिबात दिले नाही, तर खोलीच्या प्रत्येक सेंटिमीटरमागे ७ किलो ज्वारी वाढते, असा त्याचा अर्थ. येथे शून्य ही खरी, शेतात आढळणारी पातळी आहे, त्यामुळे हा आकडा आहे तसा उपयोगी पडतो. दोन मुख्य सहगुणकांपैकी एक अर्थपूर्ण आणि दुसरा निरर्थक, असे एकाच तक्त्यात घडू शकते. कोणता कसला, हे जोडीदार चलाच्या शून्यावरून कळते.

शून्याची जागा हलवणे

यावरचा नेहमीचा उपाय म्हणजे खोलीतून तिची सरासरी वजा करून मग गुणाकार करणे. याला सेंटरिंग म्हणतात. आर या प्रणालीत ते असे लिहितात:

```
m1 <- lm(Y ~ N * D)
m2 <- lm(Y ~ N * I(D - 75))
```

N * D असे लिहिले की दोन्ही मुख्य पदे आणि गुणाकाराचे पद ही तिन्ही आपोआप येतात. दुसऱ्या समीकरणाचे उत्तर असे येईल:

```
Y = 7.25 + 0.045*N + 0.07*(D-75) + 0.001*N*(D-75)
```

नत्राचा सहगुणक उणे ०.०३ वरून अधिक ०.०४५ झाला. चिन्ह उलटले, तरी माहितीत काहीच बदल झालेला नाही. ४० किलो नत्र आणि ९० सेंमी खोली दोन्ही समीकरणांत घालून पाहा: उत्तर दोन्हीकडे १०.७ क्विंटल. आर-वर्ग तोच, उरलेल्या चुका त्याच, गुणाकाराच्या पदाचा सहगुणक ०.००१ आणि त्याची प्रमाण त्रुटीही तीच. फक्त नत्राच्या सहगुणकाला विचारलेला प्रश्न बदलला: आधी 'मुरमावर काय?', आता 'सरासरी रानात काय?'. खोलीचा सहगुणक ०.०७ वरच राहिला, कारण N चा शून्य हलवलेला नाही. N मधून ३० वजा केले तर तोही ०.१० होईल.

सेंटरिंग केले की चलांमधला परस्परसंबंध कमी होतो आणि 'मल्टिकोलिनिअ‍ॅरिटीचा त्रास जातो', असे पुष्कळ ठिकाणी शिकवले जाते. हे अर्धसत्य आहे. मुख्य सहगुणकाची प्रमाण त्रुटी लहान होते खरी, पण ती मोजमाप अधिक अचूक झाले म्हणून नव्हे, तर आता वेगळी राशी मोजली जात आहे म्हणून. गुणाकाराच्या पदाविषयीची खात्री जराही वाढत नाही. सेंटरिंगचा उपयोग वाचन सोपे करण्यापुरता आहे, आणि तेवढ्यासाठी ते अवश्य करावे.

प्रमाण त्रुटी आणि विसरलेले पद

नत्राच्या सहगुणकाची प्रमाण त्रुटी पहिल्या समीकरणात ०.०२४६ आणि दुसऱ्यात ०.०१० आहे, तर गुणाकाराच्या पदाची ०.०००३ आहे, असे धरू. पहिल्या तक्त्यात नत्राचे टी-मूल्य उणे १.२२ येते, म्हणजे 'नत्राचा परिणाम सिद्ध होत नाही'. दुसऱ्यात ते ४.५ येते. सहगुणकाशेजारी तारे किती आहेत, यावरून नत्र महत्त्वाचे की नाही हे ठरवणारा माणूस एकाच माहितीवरून दोन उलट निष्कर्ष काढेल. खोलीगणिक परिणाम बदलतो का, हा खरा प्रश्न गुणाकाराच्या पदाचा आहे. त्याचे टी-मूल्य दोन्हीकडे ३.३३ आहे.

एखाद्या ठराविक खोलीवरील परिणामाची खात्री किती, हे मात्र तक्त्यातील कुठल्याच ओळीवरून थेट कळत नाही. पहिल्या समीकरणातील N चा सहगुणक b1 आणि गुणाकाराच्या पदाचा b3 धरला, तर त्यासाठी हे सूत्र लागते:

```
Var(b1 + b3*D) = Var(b1) + D^2*Var(b3) + 2*D*Cov(b1,b3)
```

शेवटचे सहविचरणाचे पद सहगुणकांच्या नेहमीच्या तक्त्यात छापलेले नसते, म्हणून ते सहज राहून जाते. आरमध्ये ते `vcov(m1)` मधून मिळते. आपल्या उदाहरणात b1 आणि b3 यांचे सहविचरण उणे ०.०००००६७५ आहे. आकडा क्षुल्लक वाटतो, पण ७५ सेंमीवर तो धरला तर प्रमाण त्रुटी ०.०१० येते आणि सोडला तर ०.०३३. परिणाम ०.०४५ असताना पहिल्या हिशेबात शंकेला जागा नाही, दुसऱ्यात मात्र टी-मूल्य १.३५ वर घसरते. हातचा हिशेब नको असेल, तर D मधून हवी ती खोली वजा करून समीकरण पुन्हा चालवावे. N समोर त्या खोलीचा परिणाम आणि त्याची बरोबर प्रमाण त्रुटी आयती मिळते.

प्रमाण त्रुटीच्या दुपटीपेक्षा परिणाम जास्त कुठे आहे, हे या सूत्रावरून काढले, तर आपल्या आकड्यांत सुमारे ५४ सेंमी ही सीमा येते. त्याहून खोल रानात नत्राचा फायदा दिसतो. उथळ रानात तो आहे असे या माहितीवरून म्हणता येत नाही, आणि तो नाही असेही सिद्ध होत नाही. सीमा काढण्याची ही रीत जॉन्सन आणि नेमन यांनी १९३६ मध्ये मांडली. सहगुणकांच्या तक्त्याऐवजी आडव्या अक्षावर खोली, उभ्या अक्षावर नत्राचा परिणाम आणि दोन्ही बाजूंना विश्वास-पट्टा असा आलेख दिला, तर वाचणाऱ्याचा गोंधळ होत नाही.

मुख्य पद गाळणे

टी-मूल्य कमी आले म्हणून पहिल्या समीकरणातून N गाळून गुणाकाराचे पद तेवढे ठेवण्याचा मोह होतो. तसे केले की नत्राची रेषा शून्य खोलीवर शून्यातूनच गेली पाहिजे, अशी सक्ती होते. मग खोली मुरमापासून मोजली की सरासरीपासून, यावर उत्तर अवलंबून राहते. आधी दोन्ही समीकरणे एकच होती, आता ती खरोखर वेगळी होतात. गुणाकाराचे पद ठेवायचे तर त्याची मूळ पदेही ठेवावीत, या नियमाचा जॉन नेल्डर यांनी १९७७ मध्ये जोरदार पुरस्कार केला. शून्याला भौतिक अर्थ असून तिथला परिणाम शून्यच असतो हे बाहेरून माहीत असेल, तेवढाच अपवाद.

चल संख्येऐवजी गटाचे असेल तरी नियम तोच. हलकी जमीन ० आणि भारी जमीन १ असे लिहिले, तर नत्राचा सहगुणक फक्त हलक्या जमिनीचा असतो. हेच गट उणे अर्धा आणि अधिक अर्धा असे लिहिले, तर तो दोन्ही जमिनींच्या परिणामांची साधी सरासरी सांगतो. संगणक प्रणाली पायाचा गट बहुधा नावाच्या अक्षरक्रमाने निवडतात. म्हणून सहगुणक वाचण्याआधी कोणता गट पायाला आहे, हे तपासावे लागते.

इंटरॅक्शनचा आभास

प्रयोगाऐवजी शेतकऱ्यांकडून गोळा केलेली माहिती असेल, तर वेगळाच धोका उभा राहतो. शेतकरी भारी रानात मुळातच जास्त नत्र टाकतो, म्हणजे N आणि D बरोबरीने वाढतात. अशा वेळी N गुणिले D हे पद N च्या वर्गासारखे वागू लागते. नत्राचा फायदा मात्रेबरोबर घटत जात असेल आणि समीकरणात वर्गाचे पद नसेल, तर ती वक्रता गुणाकाराच्या पदात शिरते आणि खोलीचा नत्रावरील प्रभाव चुकीचा दिसतो. वर्गाची पदे घालून गुणाकाराचा सहगुणक टिकतो का, हे पाहणे ही पहिली तपासणी. दुसरी त्याहून सोपी: N आणि D चे ठिपके कागदावर मांडावेत. उथळ जमीन-जास्त नत्र आणि खोल जमीन-कमी नत्र हे दोन कोपरे रिकामे असतील, तर समीकरण तिथे जे सांगते तो केवळ रेषा पुढे ओढून काढलेला अंदाज असतो. संशोधन केंद्रावरील प्रयोगात प्रत्येक खोलीवर नत्राची प्रत्येक मात्रा मुद्दाम दिलेली असते, म्हणून हे कोपरे भरलेले मिळतात.