पार्श्वभूमी : मुंबई महापालिकेच्या अर्थसंकल्पाचं वेळापत्रक

मुंबई महापालिकेचे आयुक्त अर्थसंकल्प मांडतात, पण मंजूर करत नाहीत. ही विभागणी म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या काळातल्या अनुभवातून आली. १८६५च्या कायद्याने शहराचा कारभार एकट्या म्युनिसिपल कमिशनरच्या हाती दिला. क्रॉफर्डनी बाजार, रस्ते, गटारं यांवर धडाक्याने खर्च केला आणि पालिका कर्जात बुडाली. १८७१मध्ये करदाते खवळले. पुढच्याच वर्षीच्या कायद्याने ६४ सदस्यांची महापालिका आली. त्यातले निम्मे करदात्यांनी निवडलेले. हिशेबावर नजर ठेवायला १२ जणांची नगरपरिषद नेमली. १८८८च्या कायद्यात तिच्या जागी स्थायी समिती आली.

आजचं वेळापत्रक त्याच कायद्यावर उभं आहे. आधी प्रत्येक खातं दोन आकडे लेखा विभागाला कळवतं: चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाची मागणी. दोन्ही शेजारी ठेवले की खरं चित्र दिसतं. समजा, एखाद्या खात्याने गेल्या वर्षी १०० कोटी मागितले, सुधारित अंदाज ४० कोटींवर आला आणि आता पुन्हा १२० कोटींची मागणी आहे. तर पहिला प्रश्न कामं का अडली हा असायला हवा. तो आकडे जुळवतानाच विचारला गेला पाहिजे, कारण नंतर चर्चा नव्या घोषणांकडे वळते.

५ फेब्रुवारीपर्यंत आयुक्त अंदाज स्थायी समितीपुढे ठेवतात. समिती तरतुदी इकडच्या तिकडे करते, मग अध्यक्ष तो सभागृहात मांडतात. तिथे नगरसेवक आपापल्या प्रभागातल्या नाल्यांपासून शाळांपर्यंत बोलतात आणि ३१ मार्चच्या आत मंजुरी व्हावी लागते. माझ्या मते सगळ्या वेळापत्रकात मोलाचे आहेत ते हे मधले सात-आठ आठवडे. प्रशासनाच्या आकड्यांना उघडपणे जाब विचारण्याची संधी तेव्हाच मिळते.

बेस्टची घाई याहून आधीची. महाव्यवस्थापकांना १० ऑक्टोबरपर्यंत बेस्ट समितीपुढे अंदाज ठेवावे लागतात. नंतर ते स्थायी समिती आणि सभागृहाकडे जातात. बेस्टला किती पैसे द्यावे लागतील, हे पालिकेला स्वतःचा अर्थसंकल्प बांधण्याआधी कळायला हवं.

मार्च २०२२मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि आयुक्तच प्रशासक झाले. फेब्रुवारी २०२३मध्ये ५२,६१९ कोटींचा अर्थसंकल्प अतिरिक्त आयुक्तांनी प्रशासकांना सादर केला. तारीख पाळली गेली, नागरिकांकडून सूचनाही मागवल्या गेल्या. पण स्थायी समिती नव्हती, सभागृह नव्हतं. आयुक्त म्हणून ज्यांच्या हाताखाली अंदाज तयार झाले, प्रशासक म्हणून मंजुरीचा अधिकारही त्यांच्याकडेच होता.