एका व्यक्तीच्या फोटोंवरून टर्नअराउंड शीट: फोटो कसे द्यावेत, शीट कशी तपासावी

ॲनिमेशन करणारा असो, थ्रीडी मॉडेल घडवणारा असो की बाहुली शिवणारा, त्याला पात्र समोरून, बाजूने आणि मागून असं तिन्हीकडून बघायला लागतं. सगळी दृश्यं एकाच मापाची, एकाच कपड्यांतली आणि एका रांगेत उभी असावी लागतात. या चित्राला टर्नअराउंड शीट म्हणतात. तुम्ही दिलेल्या फोटोंवरून आम्ही ती एआय इमेज मॉडेलच्या साहाय्याने तयार करतो आणि मग हाताने दुरुस्त करतो. हे पत्रक काम देण्याआधी वाचावं, कारण शीट चांगली होणार की नाही हे बरंचसं तुमच्या फोटोंवर ठरतं.

मॉडेलला फोटोत जे दिसत नाही, ते तो स्वतःच्या अंदाजाने भरतो. आणि अंदाज इतका सफाईदार असतो की तो अंदाज आहे हे चित्र बघून कळत नाही.

एका ग्राहकाने आपल्या आजीवर छोटी ॲनिमेशन फिल्म करायला घेतली होती. आजी रोज नऊवारी नेसणाऱ्या. आमच्याकडे आले ते पाच फोटो, सगळे लग्नसमारंभातले, सगळे समोरून. त्यावरून पहिली शीट केली तेव्हा समोरचं दृश्य छान आलं, चेहराही ओळखू येत होता. पण मागच्या दृश्यात कासोटाच नव्हता! लुगडं घोट्यापर्यंत सरळ, घागऱ्यासारखं उतरलेलं. पाच फोटोंपैकी एकातही आजींची पाठ नव्हती, आणि नऊवारीच्या निऱ्या पायांमधून मागे नेऊन कमरेला खोचतात हे मॉडेलला कोणी सांगितलं नव्हतं. अंबाड्याचंही तसंच झालं, तो मानेवर न येता टाळूवर चढला होता. आम्ही त्या ग्राहकाला, म्हणजे आजींच्या नातीला, पाठीमागून आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढून पाठवायला सांगितलं. ते तीन फोटो आल्यावर पुढचं काम सुरळीत झालं.

म्हणून फोटो असे हवेत: समोरून, डावीकडून, उजवीकडून आणि मागून प्रत्येकी एक पूर्ण उंचीचा, म्हणजे डोक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत. त्याशिवाय चेहऱ्याचे जवळून दोन-तीन. पूर्ण उंचीचे फोटो दहा-बारा फुटांवरून, फोनचा झूम दुप्पट ठेवून, कॅमेरा त्या व्यक्तीच्या कमरेच्या उंचीवर धरून काढावेत. जवळून, वरून काढलेल्या फोटोत डोकं मोठं आणि पाय आखूड दिसतात, आणि मॉडेल तेच खरं मानून चालतो. हात शरीरापासून थोडे दूर, तळहात मांड्यांकडे. चेहरा शांत असावा. हसताना गाल वर जातात, डोळे बारीक होतात आणि तेच हसू बाजूच्या दृश्यात विचित्र दिसतं. उजेड सावलीतला, सगळीकडून सारखा. फोटो व्हॉट्सॲपवर पाठवणार असाल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर ते लहान होऊन येतात.

सेल्फी शक्यतो देऊ नका. आजींच्या पाच फोटोंमध्ये एक सेल्फी होती, आणि तिच्यात नथ उजव्या नाकपुडीत होती. पुढच्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो काही फोनमध्ये आरशासारखा उलटा साठवला जातो. इतर चार फोटोंत नथ डावीकडे आणि एकात उजवीकडे, त्यामुळे मॉडेलने कधी इकडे, कधी तिकडे काढली. फोटो उलटा आहे का हे ओळखायला कपड्यावरची अक्षरं, केसांचा भांग, तीळ किंवा हातातलं घड्याळ बघावं. शंका असेल तर आम्हाला सांगा.

आता काम कसं होतं ते. आधी समोरचं दृश्य पक्कं करून तुम्हाला दाखवतो. ते मान्य झाल्यावरच बाकीची करतो, कारण बाकी सगळी दृश्यं त्याच्याशी जुळवायची असतात. प्रत्येक दृश्याची उभी राहण्याची ठेवण आम्ही सांगाडा, म्हणजे सांधे, डोळे, नाक यांच्या बिंदूंची रेषाकृती, आखून मॉडेलला देतो. मागच्या दृश्याच्या सांगाड्यात डोळे आणि नाकाचे बिंदू ठेवत नाही आणि डावा-उजवा हात बदलून घेतो. ते चुकलं तर पाठमोऱ्या आकृतीला चेहरा फुटतो. मग चारही दृश्यं एकाच रुंद चित्रात एकदम काढतो. वेगवेगळी काढली तर साडीचा रंग आणि काठाची रुंदी दर चित्रात थोडी बदलते. एकत्र काढण्याचा तोटा असा की दोन हजार पिक्सेल रुंदीत चार माणसं बसवली तर एकेकाचं डोकं जेमतेम दीडशे पिक्सेलचं उरतं आणि चेहरा पुसट होतो. म्हणून नंतर प्रत्येक डोकं वेगळं मोठं करून जवळच्या फोटोंवरून पुन्हा काढून घेतो.

शीट हातात आली की तुम्हीही तपासा, कारण त्या व्यक्तीला तुम्ही आमच्यापेक्षा चांगलं ओळखता. शीटवर आडव्या रेषा आखलेल्या असतात: डोळे, हनुवटी, खांदा, कोपर, कंबर, गुडघा. प्रत्येक दृश्यात तो तो भाग त्याच रेषेवर यायला हवा. मग डोक्याची उंची मोजा, टाळूपासून हनुवटीपर्यंत, आणि ती पूर्ण उंचीत किती वेळा बसते ते बघा. मॉडेल माणसं उंच काढतो. आजींना त्याने आठ डोक्यांची उंची दिली होती, फोटोंवरून मोजली तेव्हा ती साडेसहा निघाली. अशा वेळी नुसते पाय आखूड करून चालत नाही, सगळा सांगाडा नव्याने आखावा लागतो.

सगळ्यात जास्त चुका डाव्या-उजव्यात होतात. आजींचा पदर डाव्या खांद्यावर. तो समोरच्या चित्रात तुमच्या उजव्या हाताला दिसणार आणि मागच्या चित्रात डाव्या हाताला. दोन्ही चित्रांत एकाच हाताला दिसला, तर एक चूक आहे. नथ डाव्या बाजूच्या दृश्यात पूर्ण दिसावी, उजव्या बाजूच्या दृश्यात तिची फक्त कडा डोकावली तर ठीक. याच कारणाने आम्ही साडीवाल्या पात्राचं एक बाजूचं दृश्य उलटं करून दुसऱ्या बाजूला वापरत नाही. दोन्ही बाजू वेगळ्या काढतो. साधा शर्ट-पँट घातलेल्या माणसाची एक बाजू बहुतेक वेळा पुरते.

बाजूच्या दृश्यात दोन्ही डोळे किंवा दूरच्या गालाची कडा दिसत असेल तर ते बाजूचं नाही, तिरकं दृश्य आहे. ते बघायला छान वाटतं, पण थ्रीडी मॉडेल घडवणाऱ्याला नाकाची, हनुवटीची आणि मानेची खरी बाह्यरेषा त्यातून मिळत नाही. ते परत करा.

शीट ही चित्रं आहेत, मोजमापाचा नकाशा नाही. एखाद-दोन सेंटीमीटर इकडेतिकडे होतात. नेमकं माप हवं असेल, कपडे शिवायचे असतील तर, टेपने घेतलेली मापं सोबत द्या.

ज्यांचे फोटो आहेत त्यांची लेखी परवानगी आम्हाला लागते, आणि ती व्यक्ती हयात नसेल तर घरच्यांची. काम पूर्ण झाल्यावर फोटो पुसून टाकतो.

फोटोंत न दिसलेला भाग आम्हाला अंदाजाने काढावा लागला, तर त्याभोवती तुटक रेषा मारून ‘अंदाज’ असं लिहून देतो. आजींच्या शीटमध्ये शेवटी तसा एकच भाग उरला, पदराखालच्या चोळीची पाठ. पुढे जुन्या अल्बममध्ये तसा फोटो सापडला तर पाठवा, तेवढा भाग पुन्हा काढून देऊ.