आखूड मानेसाठी गळा आणि कॉलर

गळा म्हणजे मानेभोवती कापड जिथे संपतं ती कड. चेहऱ्याखाली ही एक रेघच असते, आणि बघणाऱ्याला मान किती दिसते ते त्या रेघेवर ठरतं. गोल चेहऱ्याखाली गळ्यालगतचा गोल गळा घेतला की गोलाखाली अजून एक गोल येतो, मग चेहरा आहे त्याहून भरलेला वाटतो, म्हणून तिथे व्ही किंवा पान गळा. लांबट चेहऱ्याला उलटं, व्हीमुळे तो अजून खाली ओढल्यासारखा होतो, त्याला आडवी रेघ लागते म्हणजे बोट नेक, उथळ चौकोनी, नाहीतर कॉलर.

इथपर्यंत सोपं आहे, पंचाईत होते लांब चेहरा आणि आखूड मान एकत्र आल्यावर, कारण चेहऱ्याला चालणारा बोट नेक उरलीसुरली मान खाऊन टाकतो. अशा वेळी मला तरी रुंद चौकोनी गळाच बरा वाटतो, खांद्यापासून साधारण साडेपाच इंच खोल: खालची कड आडवी राहते, आणि गळ्याची हाडं उघडी राहिल्याने मानेला जागा मिळते.

मान खरंच आखूड आहे का तेही आधी बघावं. कधीकधी खांदे वर चढवून उभं राहायची सवय असते, तर कधी मानेपासून खांद्यापर्यंतचा भाग भरलेला असतो. कागदाची दीड इंच रुंद पट्टी मानेभोवती उभी धरायची आणि सहज खाली बघायचं, हनुवटी पट्टीला टेकून ती दुमडली तर तेवढ्या उंचीची स्टँड कॉलर विसरायची. एक इंचाची पट्टीही दुमडली तर कॉलरच नको.

आता एक प्रत्यक्षातलं उदाहरण. इंदूरला माझ्या मामेबहिणीच्या लग्नात तिच्या धाकट्या बहिणीला माहेश्वरी साडीवर ब्लाउज हवा होता. छाती ३६, चेहरा गोल, मान आखूड, आणि तिला हवा होता बंद गळा कारण वर आजीची ठुशी घालायची होती. राजवाड्यामागच्या टेलरकाकांचंही तेच, "अभी तो बंद गला ही चल रहा है बेटा." ठुशी मुळातच गळ्याला लागून बसते, म्हणजे बंद गळा, त्यावर ठुशी, त्यावर लगेच हनुवटी, मान कुठेच नाही. घरी काळी ओढणी पिना लावून आधी गोल, मग व्ही करून आरशात दाखवली तेव्हा कुठे बाईसाहेबांना पटलं.

माप असं काढलं. छातीचा बारावा भाग म्हणजे ३ इंच, ही गळ्याची अर्धी रुंदी. आखूड मानेसाठी ती साडेतीन केली, आणि समोरची खोली खांद्यापासून ७ इंच. ७ ऐकून मामी दचकल्या, पण गळ्याची खळगी खांद्याच्या मानेकडच्या टोकापासून तीनेक इंच खालीच असते, म्हणजे खळगीखाली उरतात चारच इंच. शिवाय खांद्याच्या शिलाईत अर्धा इंच जातो आणि गळ्याची कड पाव इंच आत दुमडते म्हणून गळा पाव इंच खाली येतो, हिशेब केला तर तयार खोली पावणेसात. रुंदी मात्र त्याच दुमडीने प्रत्येक बाजूला पाव इंच वाढते, हे विसरलं की खांदा घसरतो. म्हणूनच समोर रुंद आणि खोल घेतलं तर मागचा गळा चार-पाच इंचावर थांबवावा, किंवा दोरी लावावी. मागेही खोल आणि दोरीही नको असा हट्ट केला तर अख्खं लग्न खांदा वर ओढण्यात जातं.

पहिल्या ट्रायलला व्हीची कड अंगापासून सुटली, वाकलं की सरळ पोकळ दिसायची. व्हीची कड तिरप्या कापडावर येते आणि तिरपं कापड ताणतं, त्यात इस्त्री ओढून फिरवली असेल तर विचारूच नका. खरं तर कापल्या कापल्या कडेला एक साधी टीप मारून ठेवायची असते, नंतर तिरपी पट्टी किंचित ओढून लावायची. इथे काकांनी खांद्याची शिलाई उसवली, समोरचा भाग गळ्याकडे पाव इंच वर घेतला आणि कड बसली. फार ताणली असती तर एवढ्याने भागलं नसतं, पुढचा भाग नवीनच कापावा लागला असता.

पुरुषांच्या शर्टातही हीच गोष्ट: कॉलरची उभी पट्टी साधारण सव्वा इंच असते, आखूड मानेला ती पाऊण-एक इंच करून घ्यावी आणि वरचं बटण उघडं ठेवावं. गोल चेहऱ्याला कॉलरची टोकं लांब आणि जवळजवळ, लांबट चेहऱ्याला पसरलेली.

ठुशीचं म्हणाल तर लग्नात धाकटीने मोहनमाळ घातली, ती व्हीच्याही खाली लोंबत होती. ठुशी मोठीने पळवली, तिची मान लांब आहे.