रूप बदलणं वेगळं, खूण पुसणं वेगळं

बी.एस्सी.च्या तोंडी परीक्षेत मी एक प्रश्न हमखास विचारते: ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि मॅनोज या तिन्ही साखरांचा ओसाझोन एकच का? ओसाझोन म्हणजे साखर फिनाइल हायड्रॅझीनबरोबर तापवली की मिळणारा पिवळा, स्फटिकी पदार्थ. इथे कोल्हापुरात मला सगळ्यात जास्त वेळा मिळालेलं उत्तर असं: "मॅडम, इनडायोल होऊन तिघं एकमेकांत बदलत्यात की. म्हणून." यातली दोन्ही विधानं सुटी सुटी घेतली तर खरी आहेत. चूक मधल्या 'म्हणून'मध्ये आहे.

आधी या तिघांमध्ये फरक नेमका कुठे आहे ते पाहू. प्रत्येकात सहा कार्बन. तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या कार्बनवरची रचना तिघांत अगदी सारखी. सगळा फरक वरच्या दोन कार्बनांवर. ग्लुकोजमध्ये पहिल्या कार्बनवर आल्डिहाइड असतो आणि नेहमीच्या उभ्या आकृतीत दुसऱ्याचा ओएच उजवीकडे येतो. मॅनोजमध्ये तोच ओएच डावीकडे. फ्रुक्टोजमध्ये कीटोन दुसऱ्या कार्बनवर असतो आणि पहिल्यावर साधा अल्कोहोल गट. ग्लुकोज आणि मॅनोजला एकमेकांचे एपिमर म्हणतात ते याच एका जागेमुळे.

आता ग्लुकोजच्या द्रावणात थोडा अल्कली घाला. कार्बोनिलच्या शेजारच्या, म्हणजे दुसऱ्या कार्बनवरचा हायड्रोजन सैल असतो. अल्कली तो प्रोटॉन काढून घेतो, पहिल्या आणि दुसऱ्या कार्बनमध्ये दुहेरी बंध तयार होतो आणि दोघांवरही एकेक ओएच येतो. हाच इनडायोल. या अवस्थेत दुसरा कार्बन सपाट असतो, त्याला डावं-उजवं उरत नाही. प्रोटॉन त्याच्यावर एका बाजूने परतला तर ग्लुकोज मिळतो, दुसऱ्या बाजूने परतला तर मॅनोज, आणि पहिल्या कार्बनवर जाऊन बसला तर फ्रुक्टोज. तिघांचं सूत्र C6H12O6 हेच राहतं. कशाचंही ऑक्सिडेशन होत नाही, आणि वाट दोन्ही दिशांनी खुली असते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लोब्री द ब्रुइन आणि आल्बेर्डा फान एकेनस्टाइन या डच रसायनशास्त्रज्ञांनी हे दाखवलं, म्हणून या बदलाला त्यांची नावं आहेत.

द्रावण ध्रुवित प्रकाशाला किती वळवतं हे मोजणाऱ्या पोलॅरिमीटरवर हे दिसतं. ग्लुकोजचं विशिष्ट वलन साधारण +५२.७ अंश, फ्रुक्टोजचं −९२, मॅनोजचं +१४. सौम्य अल्कलीत काही दिवस ठेवलेल्या द्रावणात निम्म्याहून जास्त ग्लुकोजच राहतो, बराचसा फ्रुक्टोज होतो आणि मॅनोज अगदी थोडा. हिशेबापुरते ६० टक्के, ३० टक्के आणि ३ टक्के धरा, उरलेलं सोडून द्या. ग्लुकोजचे ३१.६, त्यातून फ्रुक्टोजचे २७.६ वजा, मॅनोजचे ०.४ अधिक. उत्तर जेमतेम +४.४. पन्नाशीच्या पुढे असलेला आकडा शून्याजवळ येतो. इथे साखर खरोखरच बदललेली असते.

ओसाझोनच्या नळीत असं काही होत नाही. आपण फिनाइल हायड्रॅझीन हायड्रोक्लोराइड, सोडियम ॲसिटेट आणि थोडं ॲसेटिक आम्ल घालून नळी उकळत्या पाण्यात ठेवतो. माध्यम सौम्य आम्लधर्मी असतं, अल्कली कुठेच नसतो. अशा माध्यमात मोकळ्या साखरेचा इनडायोल इतका सावकाश होतो की काही मिनिटांच्या प्रयोगात त्याला जमेस धरायचं कारण नाही. इथे घडतं ते असं:

C6H12O6 + 3 C6H5NHNH2 → C18H22N4O4 + C6H5NH2 + NH3 + 2 H2O

फिनाइल हायड्रॅझीनचे तीन रेणू का लागतात, हे उजवी बाजू सांगते. दोन रेणू साखरेवर बसतात. तिसरा फुटून ॲनिलीन आणि अमोनिया होतो, म्हणजे तो स्वतः क्षपित होऊन साखरेचं ऑक्सिडेशन घडवतो. ग्लुकोजमध्ये पहिला कार्बन आधीच कार्बोनिल असतो, दुसरा ऑक्सिडेशनने होतो. फ्रुक्टोजमध्ये क्रम उलटा, दुसरा तयार असतो आणि पहिला मागाहून होतो. शेवटी दोन्ही कार्बनांवर नायट्रोजनशी दुहेरी बंध असतो. जिथे फरक होता ती जागाच सपाट झाली. डावा-उजवा ओएच गेला, आल्डिहाइड की कीटोन हेही गेलं. तिघांपैकी कुणालाही दुसऱ्यासारखं व्हावं लागलं नाही, प्रत्येकाची खूण आपापल्या जागी पुसली गेली.

विद्यार्थ्यांच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. आतल्या टप्प्यांत, फिनाइल हायड्रॅझीनचा एक रेणू साखरेवर बसून पहिला हायड्रॅझोन तयार झाल्यावर, वरच्या दोन कार्बनांमध्ये हायड्रोजनची हालचाल होते आणि ती इनडायोलच्या हालचालीची चुलत बहीण शोभेल अशी असते. पण तिथून रेणू मागे फिरून दुसरी साखर होत नाही. ॲनिलीन बाहेर पडतं आणि परतीची वाट बंद होते.

दोन्ही घटना वरच्या दोन कार्बनांवरच घडतात, म्हणून दोन्हीकडे तेच तिघे एकत्र सापडतात. घोळ होतो तो इथे. तो सोडवायला मी मुलांना पुढचा प्रश्न विचारते. अल्कलीत साखर जास्त वेळ ठेवली तर काय होईल? दुहेरी बंध दुसऱ्या-तिसऱ्या कार्बनांमध्ये सरकू शकतो आणि सायकोज नावाची आणखी एक साखर थोडी तयार होते. त्याचा तिसरा कार्बन उलटा असतो, आणि ओसाझोन तिसऱ्या कार्बनला हात लावत नाही. त्यामुळे सायकोजचा ओसाझोन वेगळा येतो. 'एकमेकांत बदलतात म्हणून ओसाझोन एक' हे खरं असतं, तर तोही तोच यायला हवा होता.

मागे एका विद्यार्थ्याने घरच्या गुऱ्हाळावरची काकवी तपासायला आणली होती. ओसाझोनचे पिवळे, पेंढीसारखे सुयांचे स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली सुरेख दिसले, आणि त्याने वहीत लिहिलं, 'ग्लुकोज आहे.' मी ते खोडायला लावलं. काकवीत सुक्रोजबरोबर ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दोन्ही असतात, आणि तेच स्फटिक दोघांपैकी कुणाचेही असू शकतात. वितळणबिंदूही मदत करत नाही, कारण पदार्थच एक. नळी जास्त वेळ उकळली तर आम्लात सुक्रोजही फुटतो आणि त्याचाही तोच ओसाझोन येतो. शुद्ध नमुन्यांत वेळेचा फरक असतो: फ्रुक्टोज साधारण दोन मिनिटांत स्फटिक देतो, ग्लुकोज चार-पाच मिनिटांत, आणि मॅनोज तर थंडीतच फिकट, न विरघळणारा हायड्रॅझोन खाली बसवून आपली ओळख देतो. मिश्रणात घड्याळावर विसंबता येत नाही.

मग त्याने बेनेडिक्ट चाचणी करून पाहिली. तीही ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दोघांनाही येते, आणि तिथे मात्र कारण इनडायोलचंच आहे. बेनेडिक्टच्या द्रावणात सोडियम कार्बोनेट असतो, त्या अल्कलीत फ्रुक्टोजचा इनडायोल होतो आणि तो तांब्याला क्षपित करतो. म्हणून आल्डोज आणि कीटोज वेगळे करायचे तर अल्कली टाळावा लागतो. ब्रोमीनचं पाणी आम्लधर्मी असतं. ते ग्लुकोजचं ऑक्सिडेशन करून रंग गमावतं आणि फ्रुक्टोजला जवळजवळ हात लावत नाही. फ्रुक्टोजसाठी रिसॉर्सिनॉल आणि हायड्रोक्लोरिक आम्लाची सेलिव्हानॉफ चाचणी, तीही जपून, कारण आम्लात सुक्रोज फुटून लाल रंग देतो.

त्याचा पुढचा प्रश्न गुऱ्हाळाचाच होता: रसात चुन्याची निवळी जास्त पडली की गूळ काळा का पडतो? त्याची सुरुवात इनडायोलपासूनच होते. कढत रसात अल्कली वाढला की ग्लुकोज-फ्रुक्टोज नुसते एकमेकांत बदलून थांबत नाहीत, तर इनडायोलमधून पुढे तुटत जातात आणि तुकडे जुळून तपकिरी पदार्थ होतात. वहीत शेवटी त्याने लिहिलं: 'ओसाझोनवरून ग्लुकोज, फ्रुक्टोज किंवा मॅनोज, सेलिव्हानॉफ सुक्रोजमुळे अनिर्णित.' ते मी तसंच ठेवलं आणि सही केली.