मोठी अक्षरं की बोलणारा फोन: हा वाद आला कुठून

कमी दिसणाऱ्या माणसाच्या फोनवर अक्षर मोठं करायचं की फोनलाच स्क्रीनवरचं बोलायला लावायचं, हा वाद आमच्या घरातही झाला. टच स्क्रीनच्या आधी आपल्याकडे नोकियाचे सिम्बियन फोन होते आणि त्यात टॉक्स किंवा मोबाइल स्पीक असं स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे स्क्रीन रीडर, विकत घेऊन टाकायला लागायचं. पण बटणं बोटाला लागायची, पाचच्या बटणावर उंचवटा असायचा, त्यामुळे नंबर लावायला अडत नव्हतं. टच स्क्रीन आली आणि बोटाला लागायला काही उरलंच नाही. २००९ मध्ये आयफोन ३जीएसवर व्हॉइसओव्हर हा स्क्रीन रीडर फोनमध्येच मिळायला लागला आणि त्याच वर्षी अँड्रॉइड १.६ मध्ये तसंच टॉकबॅक आलं, पण ते सुरुवातीला बटणं किंवा ट्रॅकबॉल असेल तरच धड चालायचं. बोट फिरवलं की खाली काय आहे ते बोलणार आणि उघडायचं असेल तर दोनदा टॅप, हे अँड्रॉइडवर २०११ ला ४.० मध्ये आलं. घरातल्या डोळसांचा गोंधळ तिथूनच सुरू झाला, कारण टॉकबॅक चालू असताना एका टॅपने काहीच उघडत नाही, मग फोन हँग झाला म्हणून लोक दुकानात नेतात. (दोन्ही व्हॉल्यूम बटणं एकदम तीन सेकंद दाबून टॉकबॅक बंद-चालू होतं, पण आधी सेटिंगमध्ये तो शॉर्टकट टॉकबॅकला जोडलेला पाहिजे.)

मोठ्या अक्षरांची गोष्ट वेगळीच चालली. आधी फक्त फॉन्ट साइज होती, मग २०१६ ला अँड्रॉइड ७ मध्ये डिस्प्ले साइज आली म्हणजे आयकॉन, बटणं सगळंच फुगतं, आणि २०२३ ला अँड्रॉइड १४ ने फॉन्ट १३० टक्क्यांवरून २०० टक्क्यांपर्यंत नेला. तोपर्यंत "कमी दिसतं ना, मग अक्षर मोठं कर" हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं.

वाद इथेच आहे. कमी दिसणं एका प्रकारचं नसतं. उतारवयात मॅक्युला म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग खराब होतो तेव्हा मधलं दिसणं जातं आणि कडेचं राहतं, तिथे अक्षर मोठं केलं की बऱ्याचदा खरंच फायदा होतो. रेटिनायटिस पिग्मेंटोसा या पडद्याच्या आजारात नेमकं उलटं, कडेचं आधी जातं आणि शेवटी नळीतून बघावं तसं मधलं थोडंसं राहतं. लालबागला राहणाऱ्या माझ्या मामाला हेच आहे. भाच्यांनी हौसेने फॉन्ट शेवटपर्यंत ओढला, डिस्प्ले साइजही, आणि मामा पहिल्यापेक्षा हळू वाचायला लागला. कारण साधं आहे, त्या नळीत आधी तीन-चार शब्द मावायचे, आता एक मावतो, तोही कधी अर्धाच, आणि पुढची ओळ कुठे सुरू होते ते शोधण्यात वेळ जातो. तो फोन हात लांब करून धरायला लागला म्हणजे आपण मोठं केलेलं तोच परत लहान करत होता! ही खूण लक्षात ठेवा. माणूस फोन डोळ्याजवळ आणत असेल तर अक्षर वाढवून बघा, लांब नेत असेल आणि जवळचा चष्मा बरोबर असेल तर कमी करून बघा. एकच व्हॉट्सॲप मेसेज दोन साइजमध्ये मोठ्याने वाचायला द्यायचा, कुठे अडखळतो ते लगेच कळतं.

टॉकबॅकला घरात विरोध झाला तो असा की थोडं दिसतंय तर आत्तापासून आंधळ्यांचं कशाला. माझं मत सरळ आहे, थोडं दिसतंय तेव्हाच शिकवावं, कारण बोट कुठे आहे ते डोळ्याने ताडून बघता येतं आणि दोनदा टॅप करायची सवय लवकर बसते. नुसत्या मेसेजपुरतं हवं असेल तर निवडलेलं तेवढंच वाचून दाखवणारं सिलेक्ट टू स्पीक आहे, त्यात बाकी टच नेहमीसारखाच राहतो.

मराठीची अडचण मात्र आपली स्वतःची. आता गुगलच्या आवाजात मराठी आहे, पण बोलायची भाषा इंग्लिशवरच राहिली तर मराठी मेसेज नीट वाचला जात नाही, ती बदलायलाच लागते. ते केलं तरी सोसायटीची नोटीस मामाच्या फोनवर निरर्थक इंग्लिश अक्षरं बोलायची, कारण ती जुन्या शिवाजी फॉन्टमध्ये टाइप केलेली. दिसायला मराठी, आत रोमन अक्षरं, आणि स्क्रीन रीडर आतलं वाचतो. युनिकोडमध्ये टाइप करायला सांगितलं तर सेक्रेटरी म्हणाले, "अहो, आमच्या पीसीवर बरोबर दिसतंय की." मग त्यांनी नोटिशीचा फोटो टाकायला सुरुवात केली, त्यात तर टॉकबॅकला बऱ्याचदा नुसता "फोटो" एवढंच कळतं.

सध्या मामाचा फॉन्ट मधल्या साइजवर आहे, डिस्प्ले साइज मूळची, डार्क थीम चालू म्हणजे पांढऱ्या स्क्रीनची तिरीप बसत नाही, आणि टॉकबॅक व्हॉल्यूम बटणांवर. दिवसा वाचतो, संध्याकाळी डोळे थकले की बटणं दाबून ऐकतो. नोटीस आली की मामी वाचून दाखवते.